मुठेलाचा गुण साबणाच्या नावावर खपवू नका

घरगुती साबणाच्या व्हिडिओनंतर आपल्या सिंधुदुर्गातल्या बऱ्याच जणांनी आपापल्या दुकानातलं साबणाचं वर्णन मला पाठवलं. बहुतेकांचं साधारण असं होतं:

"१०० टक्के हॅन्डमेड, कोल्ड प्रोसेस. खोबरेल ५० टक्के, राइस ब्रॅन ऑइल ३० टक्के, कोकम बटर १० टक्के, एरंडेल १० टक्के. सुपरफॅट ८ टक्के. सहा आठवडे क्युअर केलेला. एसएलएस-फ्री, पॅराबेन-फ्री, केमिकल-फ्री. वजन १०० ग्रॅम."

हे वाचून साबण बनवणारा दुसरा माणूस खूश होईल, पण गिऱ्हाइकाला यातलं वजन सोडून काही कळत नाही. म्हणून कोणीतरी सांगतं, "अगो, फीचर नको लिहू, फायदा लिही." मग तीच ताई लिहिते, "कोकमामुळे टाचांच्या भेगा भरतात, त्वचारोग दूर राहतात." माझ्या मते हे दुसरं वर्णन पहिल्यापेक्षा वाईट. पहिलं नुसतं कंटाळवाणं होतं, दुसरं खोटं आहे.

आपल्याकडे कोकमाच्या बियांचं तेल काढतात, ते थिजलं की हाताने त्याचे गोळे वळतात. तेच मुठेल, कोणी भिरंडेल म्हणतं. थंडीत टाचेला, ओठाला लावायचं. ते अंगाच्या उबेने पाघळतं आणि कातडीवर बसून राहतं, म्हणून भेग मऊ पडते. साबणात तसं होत नाही. कोल्ड प्रोसेसमध्ये सगळी तेलं एकत्र करून त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालतो, आणि बहुतेक तेलाचा साबण होऊन जातो. सुपरफॅट ८ टक्के म्हणजे १०० ग्रॅम तेलामागे ८ ग्रॅम तेल साबण न होता उरतं. ते कुठलं उरावं हे आपण ठरवू शकत नाही, सोडा काही कोकम बाजूला काढून ठेवत नाही. त्या ८ ग्रॅममध्ये कोकमाचा वाटा एक ग्रॅमसुद्धा भरणार नाही, आणि साबण तर आपण मिनिटभरात धुऊन टाकतो. मुठेलाचा गुण खरा आहे, पण तो मुठेलाचा आहे.

मग कोकम घालून उपयोग काय? आहे ना! कोकमाची चरबी मुळातच कडक. तिच्यामुळे वडी घट्ट होते. इथे मी वर्गात विचारते तोच प्रश्न विचारायचा, "मगे माका काय?" वडी घट्ट झाली, माका काय? ती लवकर विरघळत नाही. माका काय? साबणदाणीत लगदा होत नाही, वडी जास्त दिवस पुरते. इथे थांबायचं. पुढे आणखी एकदा विचारलंत तर "आयुष्य आनंदी होतं" असलं काहीतरी हाती लागेल, आणि ते कुठल्याही साबणावर चिकटतं.

सहा आठवडे क्युअरिंगचंही तेच. त्या काळात वडीतलं पाणी उडतं, ती आणखी घट्ट होते. म्हणजे कोकम आणि क्युअरिंग या दोन फीचरचा फायदा एकच आहे, तर एकाच वाक्यात लिहा. "जास्त दिवस पुरतो" एवढ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून चार घरांत एकेक वडी द्या आणि किती दिवस गेली ते विचारा. समजा २२, २५, २८ आणि ३१ दिवस आले, तर वर्णनात २२ लिहा. सरासरी लिहिलीत तर निम्म्या गिऱ्हाइकांची वडी त्याआधीच संपेल.

आता खोबरेल. या यादीतली सगळ्यात विकली जाण्यासारखी गोष्ट हीच, आणि तिच्याबद्दल कोणीच काही लिहीत नाही. खोबरेलाचा साबण जड किंवा मचूळ पाण्यातही इतर तेलांच्या साबणापेक्षा चांगला फेस देतो. म्हणून तर समुद्राच्या पाण्यात वापरायचा साबण खोबरेलाचा करतात. मालवण किनाऱ्यावर ज्यांच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, त्यांना हे सांगायला नको. पण तुमचं ऑनलाइन गिऱ्हाईक बहुधा मुंबई-पुण्याचं, आणि तिथे कितीतरी सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं. त्या माणसाची रोजची तक्रारच "साबणाला फेस येत नाही" ही असते. त्याला तुमचे ५० टक्के समजत नाहीत, टँकर समजतो. मात्र जड पाण्यात पांढरा साका कुठल्याही खऱ्या साबणाचा थोडाफार होतोच. तेव्हा "चांगला फेस" लिहा, "साका होत नाही" लिहू नका. आणि लिहिण्याआधी बोअरच्या पाण्याची एक बादली मिळवून त्यात तुमची वडी घासून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

सुपरफॅटचा फायदा सरळ आहे: अंघोळीनंतर कातडी कमी ओढल्यासारखी वाटते. खोबरेल एवढं जास्त असताना ते उरलेलं तेल लागतंच, नाहीतर साबण कोरडा पडतो.

उरलं ते "फ्री, फ्री, फ्री". "केमिकल-फ्री" आजच काढून टाका. कॉस्टिक सोड्याशिवाय वडीचा साबण होत नाही, आणि कॉस्टिक सोडा केमिकलच आहे. तयार वडीत तो उरत नाही, हे खरं आणि सांगण्यासारखं. एसएलएस हे मुख्यतः शाम्पू आणि फेसवॉशमधलं प्रकरण, तेव्हा ती ओळ पहिल्या दोन ओळींत जागा अडवते एवढंच.

कोणी म्हणेल, मोती साबणाच्या दिवाळीच्या जाहिरातीत कुठे टक्के आणि दिवस असतात? नसतात. तिथे पहाट असते, अभ्यंगस्नान असतं. पण मोती घरोघरी माहीत आहे, त्याला नुसती आठवण करून द्यायची असते. तुमचं नाव गिऱ्हाइकाने आज पहिल्यांदा वाचलेलं असतं. त्याला फायदाही हवा आणि तो का मिळतो त्याचं कारणही. म्हणून मी हे असं लिहीन:

"बोअरच्या पाण्यातही चांगला फेस देणारा साबण, कारण यात निम्मं खोबरेल आहे. कोकमाची चरबी घालून सहा आठवडे सुकवलेली घट्ट वडी, एका माणसाला कमीत कमी २२ दिवस जाते. थोडं तेल मुद्दाम राखलेलं, म्हणून अंघोळीनंतर अंग ओढल्यासारखं वाटत नाही. जाळीच्या साबणदाणीत ठेवा. पावसाळ्यात वडीवर दवासारखे थेंब येतील, ते पुसून घ्या, साबण खराब झालेला नाही."

शेवटच्या वाक्यावर तुम्ही अडणार, माहीत आहे. विकताना दोष कशाला सांगायचा? कारण घरगुती साबणात ग्लिसरीन आतच राहतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. जुलैत दादरला बसलेलं गिऱ्हाईक ते थेंब बघून "साबण सडला" म्हणून फोटो पाठवतं आणि पैसे परत मागतं. तेच आधी वाचलेलं असेल तर मुकाट पुसून घेतं.

टक्के फेकून देऊ नका, ते खाली न्या. घटकांची यादी, निव्वळ वजन, एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता हे ऑनलाइन पानावर द्यावंच लागतं, आणि ॲलर्जी असलेला माणूस ती यादी खरोखर वाचतो. त्वचारोगाचं मात्र कुठेच लिहू नका, खालीसुद्धा नाही. अंघोळीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे, त्याच्या उत्पादनाला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. "गजकर्ण बरं होतं" असं लिहिलंत की तो औषधाचा दावा झाला, आणि तो तुमच्या परवान्यात बसत नाही.

आणि ज्यांना कोकमाच्या भेगांचंच सांगायचं आहे, त्यांनी साबणाशेजारी मुठेलाचा एक गोळा विकायला ठेवा. तिथे ते वाक्य बिनधास्त लिहा, "टाचा मऊ ठेवतं."