खोट्याला घाई का असते?



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. कचेरीत आवक-जावकची वही भरत बसलो होतो, एवढ्यात मोबाईलवर संदेश आला. नंबर अनोळखी, पण फोटो आमच्या मोठ्या साहेबांचा. ‘मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका. पाच हजारांची चार गिफ्ट कार्डे ताबडतोब घ्या व त्यांचे नंबर मला पाठवा. पैसे संध्याकाळी देतो.’ त्या वेळी साहेब शेजारच्या खोलीतच चहा घेत होते, म्हणून मी वाचलो. ते रजेवर असते तर? मोठ्या साहेबांना ‘नाही’ म्हणायची कारकुनाची छाती होत नाही, हे त्या चोराला पक्के ठाऊक होते.

पण एक प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. त्याला पैसेच पाहिजे होते, तर सरळ पैसे का मागितले नाहीत? गिफ्ट कार्डच का?

गिफ्ट कार्ड म्हणजे काय ते आधी पाहू. दुकानात किंवा मोबाईलवर पैसे भरले की एक लांबलचक नंबर मिळतो. तो नंबर ज्याच्या हाती, त्याला तेवढ्या रकमेचा माल घेता येतो. त्यावर बहुधा कुणाचे नाव नसते. आपल्या ओळखीच्या भाषेत सांगायचे तर तो बेअरर चेकसारखा असतो. चेकवर दोन आडव्या रेघा मारल्या की पैसे खात्यातच जमा होतात आणि कुणाला गेले ते कळते. बेअरर चेक मात्र जो घेऊन जाईल त्याचा. शिवाय चेक वटेपर्यंत बँकेला कळवून थांबवता येतो. गिफ्ट कार्डाचा नंबर एकदा वापरला गेला की संपले. रोख नोटही अशीच बिननावाची, पण नोट फोनवरून पाठवता येत नाही. नंबर पाठवता येतो. चोराला त्यात गोडी वाटते ती एवढ्यासाठीच.

याचा मोठा दाखला आपल्याच महाराष्ट्रात घडला. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. सातशेहून अधिक तरुण मुले-मुली तेथे सापडली. रात्रपाळीत बसून ती अमेरिकेतल्या लोकांना फोन लावत होती. ‘मी आयकर खात्यातून बोलतो. तुमचा कर थकला आहे. आत्ता भरला नाही तर पोलीस दारात येतील’, अशी धमकी द्यायची. माणूस घाबरला की त्याला जवळच्या दुकानात जाऊन आयट्यून्सची गिफ्ट कार्डे घ्यायला लावायचे. ती गाणी आणि करमणूक विकत घेण्याची कार्डे. कार्डामागचा नंबर खरवडून फोनवर वाचून दाखवला की काम फत्ते.

जरा विचार करा, जगातले कोणते सरकार गाण्यांच्या कार्डांवर कर गोळा करील? तरीही लोकांनी पैसे भरले. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अशा टोळ्यांतील ६१ व्यक्ती व संस्थांवर आरोप ठेवले, त्यांत भारतातील पाच कॉल सेंटरे होती. आरोपपत्रात पैशाची पुढची वाट दिली आहे. अमेरिकेतच या टोळ्यांचे हस्तक तयार असत. आलेली रक्कम ते तत्काळ पैसे भरता येणाऱ्या कार्डांवर फिरवत, आणि ती कार्डे तिसऱ्याच माणसांची माहिती चोरून त्यांच्या नावाने नोंदवलेली असत. म्हणजे भरणारा एक, कार्डावर नाव दुसऱ्याचे आणि खिसा भरला तिसऱ्याचाच.

आता मुद्दा लक्षात येईल. खोटे फार वेळ टिकत नाही. माणूस घरी येतो, बायकोला सांगतो, शेजारी विचारतो आणि तासाभरात बिंग फुटते. त्या तासाच्या आत पैसा हातून सुटला पाहिजे आणि मागे वळता कामा नये, एवढेच चोराचे गणित. ‘फोन करू नका’, ‘लाईन तोडू नका’, ‘कुणाला सांगू नका’ ही वाक्ये तो वेळ लांबवण्यासाठी असतात. न परतणारा पैसा मागणे हा त्याच गणिताचा दुसरा अर्धा भाग आहे.

क्रिप्टो नावाच्या चलनाचीही मागणी होते. तेथे तर मध्ये बँकच नसते. रक्कम एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर गेल्याची नोंद सर्वांना दिसते, पण तो पत्ता कुणाचा हे त्यावर लिहिलेले नसते आणि ‘थांबवा हो’ म्हणून हाक मारायला शाखाधिकारीही नसतो.

कुणी म्हणेल, आम्ही ना गिफ्ट कार्ड घेतो, ना क्रिप्टो. खरे आहे. आपल्याकडे चोर बहुधा साधा यूपीआय किंवा खात्यावर भरणा मागतो. हा भरणाही क्षणात होतो आणि आपण स्वतः बटण दाबलेले असल्याने बँक तो स्वतःहून मागे ओढू शकत नाही. पण मुरगूडच्या बाजारात भाजीवालीही यूपीआयच घेते, म्हणून यूपीआय मागितला की फसवणूक असे समजू नये. भाजी आधी पिशवीत पडते आणि भाजीवाली पुढच्या बाजारालाही तिथेच बसलेली असते. नोकरीच्या ‘ट्रेनिंग फी’चे, लॉटरीच्या ‘टॅक्स’चे किंवा ‘अटक टाळण्याचे’ पैसे मागणारा कुठे बसलेला असतो? आणि कंपनीची किंवा सरकारची म्हणून सांगितलेली रक्कम भलत्याच खासगी माणसाच्या खात्यात का भरायची? ते खातेही कित्येकदा भाड्याचे असते. चार पैशांसाठी आपले पासबुक व एटीएम कार्ड दुसऱ्याला देणारी गरिबाघरची पोरे पुढे पोलिसांच्या चौकशीत सापडतात. आपल्या मुलांना हे आवर्जून सांगावे.

यावर एक साधी परीक्षा आहे. पैसे मागणाऱ्याला म्हणावे, ‘कचेरीचा पत्ता द्या, उद्या येऊन भरतो आणि पावती घेतो,’ किंवा ‘संस्थेच्या नावे रेघा मारलेला चेक देतो.’ खरे काम असेल तर उद्यापर्यंत थांबायला किंवा दुसरा मार्ग सांगायला हरकत नसते. चोर मात्र चिडतो, घाई करतो, धमकावतो. मोबाईलवर पाठवलेल्या शिक्क्याच्या पावतीला भुलू नये, ती घरबसल्या बनवता येते.

तरीही पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करावा, बँकेला कळवावे आणि cybercrime.gov.in येथे तक्रार नोंदवावी. रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवावा. चोराच्या खात्यात पैसा शिल्लक असेल तेवढाच रोखता येतो. तेथून तो पुढच्या खात्यांत विभागला जातो, एटीएममधून निघतो, म्हणून दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. गिफ्ट कार्ड घेतले असेल तर ते आणि त्याचे बिल जपून ठेवावे व कार्ड काढणाऱ्या कंपनीला लगेच सांगावे. नंबर अजून वापरला गेला नसेल तर कंपनीला तो बंद करता येण्याची शक्यता असते.

त्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत जाऊन मोबाईल दाखवला. साहेब हसले, मग गंभीर झाले आणि त्यांनी शिपायापासून सगळ्यांना बोलावून तो संदेश वाचून दाखवला. तेव्हा कळले, असाच संदेश आणखी दोघांना आला होता. त्यांतला एक जण कार्डे घेण्यासाठी पैशांची जुळवाजुळव करत होता.