‘संपूर्णपणे दुर्लक्षित’

भिलाईच्या जुनवानी भागात बसून मी इतरांचे शोधनिबंध मराठीतून हिंदीत आणि इंग्रजीत नेते. या कामात एक गोष्ट पक्की कळली आहे. निबंधाचा पहिला परिच्छेद निबंधाबद्दल क्वचितच काही सांगतो. तो बँडबाजा असतो, वरात मागून येते.

गेल्या हिवाळ्यात एका तरुण संशोधकाचा निबंध इंग्रजी करायला आला. विषय माधवराव सप्रे यांनी केलेला ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद. सुरुवात साधारण अशी होती:

“माधवराव सप्रे हे भारतीय अनुवादपरंपरेतील युगप्रवर्तक व्यक्तिमत्त्व होय. हिंदीतील पहिली कथा लिहिणाऱ्या या थोर मराठी भाषकाच्या कार्याकडे आजवर अभ्यासकांचे संपूर्णपणे दुर्लक्ष झाले आहे. प्रस्तुत संशोधन ही ऐतिहासिक पोकळी प्रथमच भरून काढत असून मराठी-हिंदी अनुबंधाच्या आकलनाला मूलभूत कलाटणी देणारे आहे. जागतिकीकरणाच्या युगात त्याचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.”

या चारही वाक्यांशी माझे भांडण आहे, पण दुसऱ्याशी सर्वांत जास्त. छत्तीसगडमध्ये राहून सप्रे ‘दुर्लक्षित’ आहेत असे म्हणणे म्हणजे शेजाऱ्याच्या घरात उभे राहून घर रिकामे आहे म्हणण्यासारखे. त्यांनी 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढले. भोपाळला त्यांच्या नावाचे वृत्तपत्र संग्रहालय 1984 पासून आहे. देवीप्रसाद वर्मा यांनी 1968 मध्ये ‘सारिका’तून त्यांची कथा पुन्हा चर्चेत आणली, आणि मॅनेजर पांडेय यांच्यासारख्या समीक्षकाने त्यांच्या लेखनाचे संकलन केले. हे सगळे हिंदीत आहे. निबंधकाराच्या संदर्भसूचीत मात्र एकही हिंदी समीक्षाग्रंथ नव्हता. तेव्हा ‘अभ्यासकांचे दुर्लक्ष’ याचा खरा अर्थ ‘मी हिंदीत शोधले नाही’ एवढाच होता. एका भाषेतली आपली गैरहजेरी सगळ्या जगावर ढकलायची, ही मराठी लेखकाची जुनी खोड आहे. हिंदीवाले आपल्याबाबतीत हेच करतात, पण त्याने आपला गुन्हा माफ होत नाही.

‘पहिली कथा’ हे तर त्याहून निसरडे. ‘एक टोकरी भर मिट्टी’ 1901 ची. किशोरीलाल गोस्वामींची ‘इंदुमती’ 1900 ची, रामचंद्र शुक्लांची ‘ग्यारह वर्ष का समय’ 1903 ची, आणि इंशाअल्ला खाँ यांची ‘रानी केतकी की कहानी’ तर जवळजवळ शंभर वर्षे आधीची. पहिली कोणती, हे ‘कथा’ कशाला म्हणायचे यावर ठरते. वाद चालू असलेली गोष्ट परिच्छेदात विशेषणासारखी सरकवून दिली, की वाद संपला असा वाचकाचा समज होतो. शिवाय इथे तिचा संबंधच काय? निबंध कथेवर नव्हता. ती फक्त सप्रेंची उंची वाढवायला आणली होती, म्हणजे त्या उंचीवर निबंधालाही उभे राहता येईल.

चौथ्या वाक्यासाठी माझ्याकडे एक साधी कसोटी आहे. त्यातले नाव बदलून पाहावे. सप्रेंच्या जागी कीटकनाशके किंवा दशावतारी नाटके घातली तरी वाक्य तसेच चालले, तर ते कोणाचेच नाही. काढून टाकावे.

आता चीड येण्याचे खरे कारण सांगते. निबंध चांगला होता. त्याचा प्रश्न नवव्या पानावर दडून बसला होता. मराठी आणि हिंदी यांचे हजारो संस्कृत शब्द एक आहेत, पण अर्थ एक नाहीत. आपली ‘शिक्षा’ त्यांच्याकडे शाळेत मिळते, आपण ‘चेष्टा’ करतो ती थट्टा आणि ते करतात तो प्रयत्न. ‘प्रपंच’ हा असाच शब्द. मराठीत प्रपंच म्हणजे घर, मुलेबाळे, देणीघेणी. हिंदीच्या रोजच्या बोलण्यात प्रपंच म्हणजे छलकपट, बखेडा. रामदास तर प्रपंच नीट करा, मग परमार्थाकडे वळा असे सांगतात. अनुवादकाने शब्द तसाच ठेवला तर संत भलताच सल्ला देतात असे हिंदी वाचकाला वाटू शकते. ‘गृहस्थी’ घातला तर प्रपंच आणि परमार्थ ही जोडी तुटते, आणि शब्दामागचा जगड्व्याळ पसाऱ्याचा तात्त्विक अर्थही जातो. सप्रेंनी अशा ठिकाणी काय केले, हा खरा प्रश्न. दोन्ही भाषांत राहणाऱ्या माझ्यासारखीला तो रोज छळतो. त्याला जागतिकीकरणाचा टेकू लागत नाही.

मी परिच्छेद असा केला:

“माधवराव सप्रे यांच्या पत्रकारितेवर आणि कथेवर हिंदीत बरेच लेखन झाले आहे. त्यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हे मराठी ग्रंथ हिंदीत नेले, याची नोंदही त्यात आढळते. मात्र दोन्ही भाषांत रूप एक पण अर्थ वेगळा असलेल्या शब्दांचे त्यांनी काय केले, याची ओळीशी ओळ लावून केलेली तपासणी आम्ही पाहिलेल्या मराठी व हिंदी ग्रंथांत मिळाली नाही. ‘प्रपंच’ आणि ‘राजकारण’ यांसारख्या शब्दांवर ‘दासबोधा’चा व्यवहारविचार उभा असल्याने या निवडींमुळे हिंदी वाचकापर्यंत पोचणारे रामदास बदलू शकतात. हा निबंध अकराव्या व बाराव्या दशकांपुरता हा प्रश्न तपासतो. हे शब्द तेथे ठळकपणे येतात म्हणून ते दशक निवडले आहेत. निष्कर्ष संपूर्ण अनुवादाला लागू होतीलच असे नाही.”

दासबोधाचे दशक वीस, प्रत्येकात समास दहा. म्हणजे दोनशेंपैकी वीस समास वाचून त्याला ‘मूलभूत कलाटणी’ द्यायची होती. नव्या परिच्छेदात ‘मिळाली नाही’ आहे, ‘झालीच नाही’ असे नाही. कुठे शोधले तेही आहे, म्हणून उद्या कोणी खोडून काढू शकेल. अर्थात ते वाक्य खरे करायला हिंदी ग्रंथ आधी वाचावे लागणार होते, आणि ते काम त्याचे होते, माझे नव्हे. पुढचा महिनाभर तो तेच करत होता.

त्याआधी फोनवर तो म्हणाला, “ताई, हे फारच पडेल वाटतं. परीक्षक विचारतात, नावीन्य काय? गाइडसुद्धा म्हणतात, जरा जोरात लिही.” त्याचे खोटे नव्हते. छापील नमुन्यात तसा रकानाच असतो, आणि त्या रकान्यापुढे मीही माझ्या एम.ए.च्या प्रबंधिकेत ‘प्रथमच’ हा शब्द तीनदा लिहिला होता. पण पहिल्या मसुद्यात नावीन्य कुठे होते ते मला सापडत नव्हते, दुसऱ्यात बोट ठेवून दाखवता येते. मवाळ लिही असे मी त्याला सांगितलेच नाही. ‘कदाचित’, ‘काही अंशी’, ‘एका अर्थाने’ यांची रांग लावणारा परिच्छेदही मी तितक्याच रागाने खोडते; त्यात लेखक दावा टाळतो. मला दावा हवा आहे, मापाचा.

महिन्याने परिच्छेद परत आला. संदर्भसूचीत सात हिंदी पुस्तके वाढली होती, आणि पहिल्या ओळीत सप्रेंच्या नावाआधी त्याने गुपचूप ‘युगप्रवर्तक’ पुन्हा बसवले होते. तो शब्द मी इंग्रजीत नेला नाही, आणि पानाच्या समासात पेन्सिलीने तसे लिहून कळवले.