रात्रीची दुचाकी: पिवळे जाकीट पुरेसे नाही

पावसाळी रात्री भडक पिवळे जाकीट घातले की अनेक दुचाकीस्वार निश्चिंत होतात. फसगत इथेच होते. हा फ्लुरोसंट रंग दिवसाच्या उजेडात उठून दिसतो. रात्री हेडलाइटच्या प्रकाशात त्याचा प्रभाव फारसा उरत नाही. रात्री उपयोगी पडते ती रिफ्लेक्टिव्ह पट्टी. ती प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवते, म्हणून मागच्या चालकाला लांबूनच चमकताना दिसते. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे येते. तुम्ही उशिरा दिसलात, तर ब्रेक लावायला वेळच उरत नाही.

पट्टी खरी की शोभेची, हे घरीच तपासा. अंधारात जाकीट दहा पावलांवर टांगा आणि मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढा. पट्टी लखलखली तर खरी, नुसती राखाडी दिसली तर शोभेची.

पाठीवरची सॅक किंवा वरून चढवलेला काळा रेनकोट ही पट्टी झाकून टाकतो. त्यामुळे पट्टी सर्वांत वरच्या थरावर हवी. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे घ्या आणि त्याच्या मागच्या बाजूला रिफ्लेक्टिव्ह स्टिकर लावा. सॅकच्या वर तेच दिसते. काळी काच रात्री नकोच.

वॉटरप्रूफ हातमोजे घालून ब्रेकचा लिव्हर दाबून पाहा. बोटांना अंदाज येत नसेल, तर ते घेऊ नका. स्कूटरवर हात खाली उतरते असतात, म्हणून रेनकोटची बाही मोज्याच्या वरून घ्या. नाहीतर बाहीवरचे पाणी थेट मोज्यात उतरते.