योजनेची चित्रफीत ऐकूनही कळावी, वाचूनही कळावी: नियम काय आहेत आणि संहितेत काय बदलावे लागते

जबलपूरच्या सिविल लाइन्समध्ये राहणारे एक मराठी कुटुंब समजा. आजींची दृष्टी गेली आहे. त्यांना मराठी निवेदन नीट समजते. नातवाला जन्मापासून ऐकू येत नाही आणि त्याचे शिक्षण हिंदीतून झाले आहे. दोघांनाही दिव्यांगांचे ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड काढायचे आहे. घरच्यांनी मोबाइलवर योजनेची दीड मिनिटाची चित्रफीत लावली. निवेदक म्हणाला, "अर्ज करण्यासाठी खाली दिलेल्या पत्त्यावर जा." आजींना तो पत्ता दिसला नाही. नातवाला पत्ता दिसला, पण तो कशाचा आहे हे सांगणारे वाक्य त्याला ऐकू आले नाही. चित्रफीत दोघांसमोर चालली, माहिती एकालाही मिळाली नाही.

याला कॅमेरा किंवा आवाजमुद्रण जबाबदार नाही. चूक त्याआधी, संहिता लिहितानाच झालेली असते. ती कशी टाळायची हे पाहण्याआधी आज कायदा कुठे उभा आहे ते पाहू.

नियम कुठपर्यंत आले आहेत

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार दृकश्राव्य माध्यमांतील मजकूर दिव्यांगांना समजेल अशा स्वरूपात मिळावा, यासाठी सरकारने पावले उचलायची आहेत. त्यात श्राव्यवर्णन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शन या तिन्हींचा उल्लेख आहे. श्राव्यवर्णन म्हणजे पडद्यावर जे फक्त दिसते ते शब्दांत सांगणारा आवाज. कॅप्शन म्हणजे बोललेले शब्द आणि महत्त्वाचे आवाज पडद्यावर लिहून दाखवणे.

अंमलबजावणी मात्र तुकड्यातुकड्यांनी झाली. दूरचित्रवाणीसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये मानके काढली, पण ती केवळ श्रवणबाधित प्रेक्षकांसाठी होती. आजींसारख्या प्रेक्षकांचा त्यात विचार नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण' या चित्रपटाच्या ओटीटी आवृत्तीसाठी हिंदीत कॅप्शन आणि श्राव्यवर्णन तयार करण्याचा आदेश दिला. १५ मार्च २०२४ रोजी चित्रपटगृहांतील कथापटांसाठी मार्गदर्शक सूचना आल्या आणि त्यांत श्रवणबाधित व दृष्टिबाधित दोघांचाही विचार झाला.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकालही महत्त्वाचे आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की सुगम्यतेची मानके नुसती शिफारस म्हणून ठेवून चालणार नाही, सरकारने बंधनकारक नियम करावेत. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काशी जोडला गेला. सरकारी संकेतस्थळांच्या मार्गदर्शिकेतही चित्रफितीला कॅप्शन आणि श्राव्यवर्णन असावे अशी अपेक्षा आहे.

थोडक्यात, "हे कशाला हवे?" हा प्रश्न कायद्याने मिटवला आहे. अडते ते पुढे. अनेकदा चित्रफीत पूर्ण झाल्यावर कॅप्शन चिकटवले जातात आणि श्राव्यवर्णन घालायला जागाच उरत नाही.

जागा का उरत नाही

चित्रपटात दोन संवादांच्या मधे शांतता असते, श्राव्यवर्णन तिथे बसवता येते. योजनेच्या चित्रफितीत निवेदक पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत बोलत असतो. वर्णन घालायला फट नसते. म्हणून इथे वेगळा मार्ग घ्यावा लागतो: वर्णन निवेदनातच लिहायचे. पडद्यावर दिसणारी प्रत्येक कामाची गोष्ट निवेदक स्वतःच बोलेल, अशी संहिता करायची.

यूडीआयडी कार्डाचेच उदाहरण घेऊ. या कार्डाचा रंग दिव्यांगत्वाच्या टक्केवारीनुसार बदलतो. जुनी संहिता साधारण अशी असते:

"अर्ज मंजूर झाल्यावर आपल्याला असे कार्ड मिळेल. त्याचा रंग टक्केवारीनुसार ठरतो, तो पडद्यावर पाहा. अर्ज करण्यासाठी खाली दिलेल्या पत्त्यावर जा."

हे २० शब्द आहेत. सेकंदाला दोन शब्द या सावकाश गतीने ते १० सेकंदांत संपतात. "असे", "पडद्यावर" आणि "खाली" हे तीन शब्द दिसणाऱ्या माणसासाठीच आहेत. संहिता तपासताना सर्वांत आधी असे शब्द शोधावेत: इथे, असे, या रंगाचे, वरील, खालील, हे बटण. जिथे असा शब्द सापडेल तिथे श्राव्यवर्णनाची गरज आहे, असे खुशाल समजावे.

आता नवी संहिता:

"कार्ड तीन रंगांचे असते. दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांहून कमी असेल, तर पांढरे. चाळीस किंवा जास्त, पण ऐंशीहून कमी असेल, तर पिवळे. ऐंशी टक्के किंवा जास्त असेल, तर निळे."

हे २७ शब्द झाले, म्हणजे सुमारे १४ सेकंद. अजून पत्ता सांगायचा आहे. पत्ता www.swavlambancard.gov.in असा आहे. "स्वावलंबन" ऐकून टाइप करणारा माणूस v नंतर a टाकण्याची शक्यता मोठी आहे, पण पत्त्यात तिथे a नाही. म्हणून नुसता उच्चार करून भागत नाही, एकेक अक्षर सावकाश सांगावे लागते. त्याला आणखी १० ते १५ सेकंद लागतात.

जे काम १० सेकंदांत उरकले होते, त्याला आता २५ ते ३० सेकंद लागले. ही वाढ टळत नाही, म्हणून दीड मिनिटाच्या चित्रफितीतून दुसरे काहीतरी कमी करावे लागते. बहुधा सुरुवातीचे संगीत, घोषवाक्य किंवा स्तुतीची वाक्ये काढता येतात. ती काढायची नसतील, तर चित्रफीत लांब करावी. निवेदकाला भरभर बोलायला लावणे हा उपाय नाही, कारण मग कॅप्शन वाचून होत नाहीत.

छोटा प्रसंग असेल तर

काही चित्रफितींत कार्यालयातला प्रसंग असतो. अर्जदार कागद देतो, कर्मचारी तो परत करतो, अर्जदार सही करतो. संवाद नसल्याने दृष्टिबाधित प्रेक्षकाला फक्त कागदाची सळसळ ऐकू येते. इथे वर्णन असे लिहावे: "कर्मचारी अर्ज परत सरकवतो. सहीच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवतो." नऊ शब्द आहेत, त्यासाठी निदान पाच सेकंदांची शांतता संहितेतच राखून ठेवावी. वर्णन वर्तमानकाळात असावे आणि दिसते तेवढेच सांगणारे असावे. "कर्मचारी त्रासून अर्ज परत करतो" असे लिहिले, तर लेखक आपले मत सांगतो. सहीची जागा रिकामी होती ही कामाची गोष्ट मात्र त्यात राहून जाते.

कॅप्शन: मराठी वाक्य कुठे तोडावे

कॅप्शन एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नसावे आणि वाचून होईपर्यंत पडद्यावर टिकावे. वरच्या संहितेचे दोन कॅप्शन फाइलमध्ये असे दिसतील:

```
12
00:00:44,000 --> 00:00:48,000
दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून
कमी असेल, तर पांढरे.

13
00:00:48,000 --> 00:00:53,000
४० किंवा जास्त, पण ८० हून
कमी असेल, तर पिवळे.
```

प्रत्येक कॅप्शनमध्ये टक्केवारी आणि तिचा रंग एकत्र आहेत. "पिवळे" हा शब्द पुढच्या कॅप्शनवर गेला असता, तर तो ८० टक्क्यांच्या वाक्याजवळ येऊन भलताच अर्थ लागला असता.

मराठीत आणखी एक धोका आहे. आपल्याकडे क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. "कार्डासाठी कोणत्याही दलालाला पैसे देऊ नयेत" हे वाक्य चुकीच्या जागी तुटले, तर पहिल्या कॅप्शनवर "कार्डासाठी कोणत्याही दलालाला पैसे देऊ" एवढेच दिसते आणि "नयेत" पुढच्यावर जाते. वाचणारा मागे पडला तर सूचना उलटी होते. म्हणून नकार असलेली वाक्ये लहान ठेवावीत आणि एकाच कॅप्शनमध्ये पूर्ण करावीत: "दलालाला पैसे देऊ नका."

संख्यांचीही काळजी घ्यावी. "एकोणसाठ" आणि "एकोणसत्तर" घाईत सारखेच ऐकू येतात. दूरध्वनी क्रमांक नेहमी एकेक अंक करून सांगावा आणि कॅप्शनमध्ये अंकांतच लिहावा. पडद्याच्या तळाशी विभागाचे नाव किंवा मदत क्रमांकाची पट्टी असेल, तर कॅप्शन वर घ्यावे. नाहीतर दोन्ही एकमेकांवर येतात आणि एकही वाचता येत नाही.

याने काय साधत नाही

कॅप्शनमुळे प्रत्येक कर्णबधिर प्रेक्षकाची सोय होत नाही. अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, लिहिलेली मराठी किंवा हिंदी ही त्यांच्यासाठी दुसरी भाषा असते. त्यांना सांकेतिक भाषेचा दुभाषी पडद्यावर हवा. सिविल लाइन्समधल्या आपल्या उदाहरणात आजींसाठी निवेदन मराठीत आणि नातवासाठी कॅप्शन हिंदीत लागतील. कॅप्शनची फाइल चित्रफितीपासून वेगळी ठेवली, तर भाषा बदलता येते. ती चित्रातच कोरून टाकली, तर बदलता येत नाही. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांना यातले काहीच उपयोगी नाही. त्यांच्यासाठी वर्णनासह पूर्ण मजकूर ब्रेल उपकरणावर वाचता येईल अशा स्वरूपात द्यावा लागतो.

आपण स्वतः कसे तपासाल

योजनेची चित्रफीत लावून मोबाइल पालथा ठेवा आणि फक्त ऐका. मग चार प्रश्नांची उत्तरे देऊन पाहा: योजना कोणासाठी आहे, कागदपत्रे कोणती, अर्ज कुठे करायचा, शंका असल्यास कुठे विचारायचे. नंतर आवाज पूर्ण बंद करून तीच चित्रफीत पाहा आणि तेच चार प्रश्न पुन्हा विचारा. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, ते वाक्य कितव्या सेकंदाला आहे ते लिहून ठेवा.

तक्रार करताना "चित्रफीत सुगम नाही" एवढेच लिहू नका. "५८ व्या सेकंदाला संकेतस्थळाचा पत्ता फक्त दिसतो, बोलला जात नाही" असे लिहा. आधी संबंधित विभागाला कळवा. उत्तर आले नाही, तर आपल्या राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे अर्ज करता येतो. २०१६ च्या अधिनियमानुसार दिव्यांगांना हक्क नाकारल्याच्या प्रकरणांची चौकशी करणे हे त्यांचे काम आहे. अर्जात चित्रफितीचे नाव, ती कुठे पाहिली, कोणत्या तारखेला पाहिली आणि कोणत्या सेकंदाला काय अडले, एवढे द्या. म्हणजे नेमके कोणते वाक्य बदलायचे, हे विभागाला विचारावे लागणार नाही.