पडद्यावर बोलणारे विनोबा नकोत, लिहिणारे गुरुजी हवेत

१/
२१ फेब्रुवारी १९३२, रविवार. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी सत्याग्रही कैद्यांपुढे गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन दिले. त्यानंतर दर रविवारी एक याप्रमाणे १९ जूनपर्यंत अठरा अध्यायांची अठरा प्रवचने झाली. श्रोत्यांमध्ये बसून ती टिपून घेत होते पांडुरंग सदाशिव साने. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. आज 'गीता प्रवचने' या नावाने जे पुस्तक घरोघरी आहे, ते त्या टिपणांतून उभे राहिले.

२/
या प्रसंगाचे चलतचित्र नाही, ध्वनिमुद्रणही नाही. उरला आहे तो केवळ मजकूर. त्यामुळे साने गुरुजींवर माहितीपट करणाऱ्या कोणालाही हा प्रसंग नटांकरवी पुन्हा उभा करण्याचा मोह होणारच. प्रश्न असा, की तो कसा उभारावा? प्रेक्षकाला हे आज घडवलेले दृश्य आहे याचा क्षणभरही विसर पडू नये, आणि तरीही त्या अठरा रविवारांचे वजन त्याच्यापर्यंत पोहोचावे.

३/
सर्वांत सोपी वाट अशी: पांढऱ्या दाढीचा एक नट, समोर मांडी घालून बसलेले कैदी, गजांतून येणारा पिवळसर उजेड, आणि पुस्तकातील वाक्ये त्या नटाच्या तोंडी. ही वाट दोन ठिकाणी चुकते. पहिली चूक वयाची. १९३२ च्या त्या महिन्यांत विनोबा ३६ वर्षांचे होते आणि गुरुजी ३२ वर्षांचे. भूदानयात्रेतील वृद्ध विनोबांची ओळखीची प्रतिमा तुरुंगात नेऊन बसवली, की दोन तरुण सत्याग्रह्यांचा इतिहास ऋषी आणि शिष्याची कथा होऊन बसतो.

४/
दुसरी चूक अधिक खोल आहे. पुस्तकातील वाक्ये जशीच्या तशी विनोबांच्या ओठांतून आली, असे ते दृश्य सांगते. मजकूर मात्र कानाने ऐकला गेला, हाताने लिहिला गेला आणि मगच पुस्तकात आला. बोलणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये एक लिहिणारा आहे. नटाच्या तोंडी ती वाक्ये घातली, की हा मधला माणूस पुसला जातो. म्हणजे ज्याच्यावर माहितीपट काढला, तोच पडद्यावरून नाहीसा होतो.

५/
एकदा तयार झालेले दृश्य पुढे पुरावा म्हणून कसे वावरू लागते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१७ मध्ये 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट काढला. त्यात ते स्वतः दिग्दर्शन करताना, फीत तपासताना दिसतात. प्रेक्षकांना आपली कामाची पद्धत कळावी म्हणून त्यांनी ही दृश्ये मुद्दाम घडवली होती. 'राजा हरिश्चंद्र' तर १९१३ चा. पण या दृश्यांचा एखादा तुकडा मूळ नावाविना समोर आला, तर तो १९१३ मधील चित्रीकरणाचा समजायला कितीसा वेळ लागेल? फाळक्यांनी कोणाला फसवले नव्हते. फसवणूक होते ती तुकडा आपल्या नावापासून सुटतो तेव्हा.

६/
म्हणून शेवटच्या श्रेयनामावलीत 'काही प्रसंग पुनर्निर्मित आहेत' असे छापणे पुरेसे नाही. दृश्याच्या आरंभी तीन सेकंद पाटी दाखवणेही पुरेसे नाही, कारण त्याच दृश्याचा पंधरा सेकंदांचा तुकडा उद्या भ्रमणध्वनींवर फिरणार आहे. 'पुनर्निर्मित दृश्य' ही अक्षरे चौकटीच्या कोपऱ्यात, चित्रातच कोरलेली, दृश्य संपेपर्यंत राहिली पाहिजेत. ही झाली किमान नीती. वजन मात्र पाटीने येत नाही. ते रचनेतून आणावे लागते.

७/
त्यासाठी अमेरिकेतील एक माहितीपट उपयोगी पडतो. एरॉल मॉरिस यांचा 'द थिन ब्ल्यू लाइन' (१९८८). डॅलस शहरात १९७६ साली एका पोलिसाची हत्या झाली होती, आणि रँडल ॲडम्स हा माणूस त्यासाठी तुरुंगात होता. मॉरिस यांनी हत्येचा प्रसंग पुन्हा पुन्हा उभा केला, पण प्रत्येक वेळी वेगळ्या साक्षीप्रमाणे. कोण काय पाहिल्याचे सांगतो, तेच पडद्यावर येते. साक्षी परस्परांशी जुळत नाहीत हे प्रेक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. १९८९ मध्ये ॲडम्स सुटला.

८/
यातून निघणारा नियम साधा आहे. घटना उभी करू नये, साक्ष उभी करावी. धुळ्याच्या प्रसंगात साक्ष कोणाची? लिहिणाऱ्याची. म्हणून दृश्याचा केंद्रबिंदू विनोबांचा चेहरा नव्हे, गुरुजींचा हात असला पाहिजे.

९/
मग माहितीपटाची बांधणी अमळनेरपासून सुरू करावी लागते. गुरुजी १९२३ मध्ये तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आले, १९२४ पासून शाळेत शिकवू लागले आणि वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' नावाचे हस्तलिखित पत्र काढत. रोज, स्वतःच्या अक्षरात. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. धुळ्याच्या तुरुंगात लेखणी धरणारा हात हा असा रोजच्या लिखाणाने घोटलेला होता.

१०/
पहिले पुनर्निर्मित दृश्य इथेच, चित्रपटाच्या पहिल्या पाच-सात मिनिटांत यावे. त्याचे काम प्रेक्षकाला नियम शिकवणे हे आहे. आजच्या कपड्यांतला नट आजच्याच अमळनेरमधील एका खोलीत येतो, बाक ओढतो, शाई आणि कोरे कागद मांडतो. हे सर्व उघडपणे दाखवावे. मग तो एका दिवसाचे दैनिक खरोखरच लिहू लागतो. कॅमेरा स्थिर, एकाच उंचीवर, एकाच भिंगाचा. पुढे जेव्हा जेव्हा हा स्थिर कॅमेरा आणि हा बाक दिसेल, तेव्हा हे आजचे आहे, हे प्रेक्षक सांगितल्यावाचून ओळखेल.

११/
एक पथ्य इथे कसोशीने पाळावे. या दृश्यांना तपकिरी छटा देऊ नये, फितीवरचे ओरखडे घालू नयेत, जुन्या प्रक्षेपकाची घरघर जोडू नये. या खुणा जुन्या, खऱ्या चित्रफितीच्या आहेत. त्या नव्या दृश्यावर चढवणे म्हणजे नव्या कागदावर जुना शिक्का मारणे होय.

१२/
आता धुळे. तोच नट, तोच बाक, समोर तसेच कोरे कागद. तुरुंगाचा देखावा उभारायची गरज नाही. जमिनीवर खडूने एक चौकट आखली तरी पुरे. चौकटीबाहेर दुसरी व्यक्ती आजच्या वेशात, हातात छापील 'गीता प्रवचने' घेऊन बसते आणि एक अध्याय सभेत बोलण्याच्या गतीने वाचू लागते. पुस्तक स्पष्ट दिसले पाहिजे. आवाज पुस्तकातून येतो आहे, विनोबांच्या कंठातून नव्हे, हे त्यामुळे वेगळे सांगावे लागत नाही.

१३/
नटाला एकच सूचना द्यावी: ऐकू येईल तेवढे लिही. तो अभिनय करत नाही, प्रयोग करतो. मराठीत संथपणे बोलणारा माणूसही मिनिटाला साधारण शंभर शब्द सहज बोलतो. हाताने भरभर लिहिणाऱ्याला तेवढ्या वेळात तिसरा हिस्सा गाठतानाही दमछाक होते. पाचव्या मिनिटाला अक्षर मोडू लागते. दहाव्याला वाक्ये अर्धी राहतात, बोटे आखडतात, पुढचे ऐकावे की मागचे पुरे करावे अशी ओढाताण चेहऱ्यावर येते. ही दमणूक आजची असते आणि खरी असते.

१४/
दृश्याचे वजन ते हेच. प्रेक्षक १९३२ पाहत नाही. पण त्या कामाला काय लागले असेल, ते त्याच्या डोळ्यांपुढे घडते. अशा अठरा रविवारांपैकी एकच रविवार न कापता, सात-आठ मिनिटे सलग दाखवावा. उरलेले सतरा केवळ तारखांनी, कोऱ्या पडद्यावर, एकामागून एक यावेत. एका रविवारचा शीण पाहिलेल्या माणसाला त्या तारखा आपोआप जड वाटतात.

१५/
प्रयोगाची मर्यादा मात्र निवेदनातून त्याच क्षणी सांगितली पाहिजे. नटाचा हात गुरुजींचा नव्हे. गुरुजींच्या हाताला वर्षानुवर्षांचा सराव होता. नट जिथे अडला तिथे गुरुजी अडले असतील, असे सिद्ध होत नाही. एवढेच सिद्ध होते, की ऐकणे आणि छापणे यांच्यामध्ये एका माणसाचे श्रम, स्मृती आणि निवड उभी आहे. म्हणून दृश्याच्या शेवटी नटाचा अर्धामुर्धा कागद आणि पुस्तकातील तेच पान शेजारी शेजारी ठेवावे आणि पार्श्वसंगीत न घालता थोडा वेळ थांबावे.

१६/
यावर एक आक्षेप येईल, की एवढे उघड केल्यावर रंग कसा भरणार? त्याचे उत्तर कीर्तनात आहे. उत्तररंगात बुवा एका क्षणी राजा होतात, दुसऱ्या क्षणी राणी. वेश बदलत नाही, फेटा तोच, शेजारी तबलजी तोच. श्रोत्यांपैकी कोणीही बुवांना हरिश्चंद्र समजत नाही, आणि तरी तारामतीच्या प्रसंगी डोळे पुसले जातात. उघड सांगितल्याने भाव आटतो, ही भीती मराठी श्रोत्याने केव्हाच खोटी ठरवली आहे.

१७/
रचना साधली की नाही, हे तपासण्याचीही रीत आहे. कच्ची जुळणी गुरुजींविषयी फारसे न वाचलेल्या दहा जणांना दाखवावी आणि विचारावे: यातील १९३२ चे चित्रण कोणते? एकाने जरी खडूच्या चौकटीतील दृश्याकडे बोट दाखवले, तरी बांधणी सदोष आहे. मग मधलाच पंधरा सेकंदांचा तुकडा आवाज बंद करून दाखवावा आणि तोच प्रश्न विचारावा. शेवटी विचारावे, काय लक्षात राहिले? उत्तर 'तो हात' असे आले, तर दृश्य उभे राहिले.

१८/
२०३२ मध्ये त्या अठरा रविवारांना शंभर वर्षे होतील. त्या निमित्ताने चित्रे काढली जातील, दृश्ये घडवली जातील, आणि पुढच्या पिढीला ती दृश्ये म्हणजेच धुळ्याचा तुरुंग वाटू लागेल. तिथे दाढीचा नट बसवायचा की एक कोरा कागद आणि थकलेला हात ठेवायचा, याचा निर्णय आजच्या माहितीपटकारांच्या हाती आहे. ज्या माणसाने स्वतःचे शब्द बाजूला ठेवून दुसऱ्याचे शब्द जपले, त्याला तरी पडद्यावरून पुसून टाकू नये.