मिश्र भाषेतल्या प्रश्नाला मिश्र भाषेतच उत्तर हवे

ग्राहकसेवेतल्या लोकांना मराठी लेखन शिकवणारे एक गृहस्थ सध्या ठामपणे सांगत आहेत की, ग्राहकाने मराठी-इंग्रजीची सरमिसळ करून प्रश्न विचारला तरी उत्तर शुद्ध मराठीत द्यावे. ते जमत नसेल तर सरळ इंग्रजीत द्यावे, पण सरमिसळ करू नये. त्यांची कारणे तीन. सरमिसळीला नियम नसतात, म्हणून तीत नेमके लिहिता येत नाही. संस्थेने तसे लिहिले तर भाषा बिघडते. आणि ग्राहकाला शुद्ध मराठी कळतेच, त्याला फक्त लिहिण्याचा आळस असतो.

तिसरे कारण एका वाक्यात निकालात निघते: ज्याचे पैसे अडकले आहेत त्याला आळशी ठरवणाऱ्याने ग्राहकसेवा शिकवू नये.

पहिले कारण मात्र सविस्तर तपासायला हवे, कारण पुष्कळ सुशिक्षितांनाही ते पटते. यूपीआयवरून पैसे दिलेल्या एका ग्राहकाचा हा निरोप पाहा: “काल दुकानात २,४०० चं पेमेंट केलं. अकाउंटमधून डेबिट झालंय, पण शॉपवाल्याला कन्फर्मेशन आलं नाही. स्टेटस पेंडिंग दाखवतंय. रिफंड कधी येईल?” यातली बहुतेक नामे इंग्रजी आहेत. पण ‘केलं’, ‘झालंय’, ‘आलं’, ‘दाखवतंय’, ‘येईल’ ही क्रियापदे मराठी आहेत. ‘मधून’ मराठी, ‘ला’ मराठी, शब्दांचा क्रमही मराठी. ‘फ्रॉम अकाउंट डेबिट झालंय’ असे कोणी लिहीत नाही.

पुढे लिंग पाहा. पेमेंट ‘झालं’, रिफंड ‘आला’, रिक्वेस्ट ‘गेली’. इंग्रजीत या नामांना व्याकरणिक लिंग नाही. ते मराठी बोलणाऱ्यांनी दिले आणि बहुतेक सगळे तेच पाळतात. विभक्तीचेही तसेच. जुना शब्द सामान्यरूप घेतो, म्हणून ‘बँकेत’ आणि ‘फायलीत’. नवा शब्द सहसा घेत नाही, म्हणून ‘अकाउंटमध्ये’, ‘अकाउंटात’ नव्हे. ‘डेबिट केलं’ आणि ‘डेबिट झालं’ यांतला फरक तर ग्राहकाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा. पैसे आपोआप गेले हे सांगण्यासाठी त्याने ‘झालं’ लिहिले आहे. उत्तर देणाऱ्याने ‘आपण डेबिट केलेत’ असे लिहिले तर दोष ग्राहकावर जातो. ज्या भाषेत एका क्रियापदाने जबाबदारी बदलते, तिला नियम नाहीत असे म्हणणे म्हणजे ती न ऐकताच निकाल देणे होय.

हे अभ्यासकांना चाळीस वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. पुण्यात जन्मलेले आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संगणकीय भाषाविज्ञानाचे काम उभे करणारे अरविंद जोशी यांनी १९८२ साली एकाच वाक्यात होणाऱ्या भाषाबदलावर निबंध लिहिला, आणि त्यातली उदाहरणे मराठी-इंग्रजीची होती. मराठी चौकटीच्या वाक्यात इंग्रजी घटक येऊ शकतात, पण परसर्ग, साहाय्यक क्रियापद, काळदर्शक प्रत्यय अशा मोजक्याच असणाऱ्या, वाक्य बांधून धरणाऱ्या घटकांची अदलाबदल होत नाही, हे त्यांनी नियम म्हणून मांडले. ‘काउंटरवर’ चालते, ‘काउंटर ऑन’ चालत नाही. नियम इतके पक्के होते की त्यांवरून यंत्राला वाक्याचे पृथक्करण करायला शिकवण्याचा विचार त्या काळात करता आला.

दुसरे कारण जुने आहे. सतराव्या शतकात राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. विसाव्या शतकात भाषाशुद्धीचा वाद पुन्हा रंगला आणि ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द रुळले. चांगले झाले. पण तक्रार, रक्कम, मुदत, मंजूर हे अरबी मुळाचे शब्द तसेच राहिले, आणि शुद्ध मराठीचा आग्रह धरणारे हे गृहस्थही आपल्या नमुना-पत्रांत तेच वापरतात. त्यांची हरकत परकेपणाला नाही. ती फक्त उशिरा आलेल्या शब्दांना आहे.

आता त्यांच्या पद्धतीचे उत्तर त्या ग्राहकाला देऊन पाहू: “आपला व्यवहार प्रलंबित असून प्रतिपूर्तीची प्रक्रिया विहित मुदतीत पूर्ण होईल.” व्याकरण निर्दोष आहे. पण ग्राहकाच्या पडद्यावर ‘प्रलंबित’ हा शब्द कुठेच नाही. तिथे `Pending` आहे. ‘प्रतिपूर्ती’ म्हणजे त्याने विचारलेला रिफंड की आणखी काही, हे त्याला कळत नाही. मुदत किती, तेही नाही. अशा वेळी घाबरून तो दुकानदाराला पुन्हा पैसे देतो, पहिले पेमेंटही नंतर पूर्ण होते, आणि मग दुप्पट रकमेची तक्रार येते.

योग्य उत्तर असे असते: “तुमचं पेमेंट अजून पेंडिंग आहे, फेल झालेलं नाही. त्यामुळे लगेच दुसऱ्यांदा पेमेंट करू नका. दुकानदाराला कन्फर्मेशन मिळालं नाही, तर रिफंड तुमच्या अकाउंटला पाच दिवसांत आपोआप यायला हवा. त्यानंतर उशीर झाला, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. पेमेंटचा UTR नंबर जपून ठेवा.”

यातली मुदत रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकातली आहे. यूपीआयवरून दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवस, तेही कॅलेंडरचे. म्हणजे ३ तारखेचे पेमेंट ८ तारखेपर्यंत परत यायला हवे आणि ९ तारखेपासून भरपाई सुरू होते. ती ग्राहकाने न मागताही द्यायची असते. इतकी कामाची माहिती ग्राहकाच्याच शब्दांत दिल्यावर तो ती पडद्याशी ताडून पाहू शकतो.

असे उत्तर लिहिण्याची शिस्त सोपी आहे. ग्राहकाने आणि पडद्याने वापरलेले इंग्रजी शब्द तसेच ठेवायचे. क्रियापदे, प्रत्यय आणि समजावणी मराठीत. इंग्रजीचे प्रमाण ग्राहकापेक्षा वाढवायचे नाही, आणि त्याने सगळे मराठीत लिहिले असेल तर आपणही सगळे मराठीतच लिहायचे. त्याच्या लिहिण्यातल्या चुकीची नक्कल करायची नाही. शासकीय आदेश, करार, पाठ्यपुस्तक यांना हे लागू नाही. तिथे एकच भाषा हवी, कारण तो मजकूर एका माणसाला दिलेले उत्तर नसतो.

ग्राहकसेवेत मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला विनंती एवढीच: उत्तर पाठवण्याआधी ते ग्राहकाच्या प्रश्नाखाली ठेवून वाचा. त्याने ज्याला रिफंड म्हटले त्याला तुम्ही दुसरे नाव दिले असेल, तर ते नाव खोडा आणि रिफंड लिहा.