कोर्टाच्या गठ्ठ्यातला पान नंबर

भिलाईच्या वैशाली नगरात राहणारं एखादं मराठी कुटुंब जागेचा दावा दुर्गच्या जिल्हा न्यायाधीशांपुढे हरलं, तर त्याला पुढे बिलासपूरच्या हायकोर्टात जावं लागतं. छत्तीसगडचं हे हायकोर्ट 1 नोव्हेंबर 2000 रोजी सुरू झालं. त्याआधी भिलाईकरांना जबलपूर गाठावं लागे. अपिलाला हुकूमनाम्यापासून 90 दिवसांची मुदत असते आणि निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात. हे दिवस वकील शोधण्यात, फीची जमवाजमव करण्यात आणि घरातल्या वादात भराभर संपतात. गठ्ठा हायकोर्टाच्या कचेरीत पोचतो तो बहुधा शेवटच्या आठवड्यात. तिथला कारकून अपिलातले मुद्दे वाचत बसत नाही. तो आधी अनुक्रमणिका उघडतो आणि त्यात लिहिलेलं पान त्याच जागी आहे का, ते पाहतो. नसेल तर गठ्ठा त्रुटीचा शेरा मारून परत येतो आणि दीडशे किलोमीटरची फेरी पुन्हा पदरात पडते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, असा गठ्ठा 412 पानांचा आहे. पान 1 ते 3 अनुक्रमणिका, 4 ते 22 अपिलाचा मसुदा, 23 ते 33 स्थगितीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र, 34 ते 71 दुर्गचा निकाल. पुढे दावा, जबाब, साक्षी आणि 244 पासून शेवटपर्यंत पुराव्याचे कागद. यातल्या बऱ्याच पानांवर आधीचे नंबर असतातच. निकालाला स्वतःचे पान क्रमांक असतात. पुराव्याच्या कागदावर ‘प्रदर्श पी-1’ असा शिक्का असतो (महाराष्ट्रात त्यालाच निशाणी म्हणतात). हे जुने नंबर खोडायचे नसतात, कारण साक्षीत त्यांचाच उल्लेख असतो. नवा नंबर सगळ्या पानांवर एकाच कोपऱ्यात, बहुधा वर उजवीकडे, येतो. वकील ‘पान 251’ म्हणाले की न्यायमूर्तींनी, समोरच्या वकिलांनी आणि बाकावर बसलेल्या अशिलाने एकच कागद उघडावा, एवढंच त्याचं काम.

नंबर मारायचं लोखंडी मशीन जुन्या कचेऱ्यांत अजून दिसतं. न्यूयॉर्कच्या एडविन बेट्स यांनी 1890 च्या दशकात त्याची पेटंट घेतली, म्हणून अमेरिकेतले वकील या कामाला आजही ‘बेट्स नंबरिंग’ म्हणतात. मूठ दाबली की नंबर उमटतो आणि आतली चाकं एक घर पुढे सरकतात. बाजूला एक खटका असतो. तो ‘2’ वर ठेवला की तोच नंबर दोनदा उमटतो आणि मग पुढचा येतो. गठ्ठ्याच्या दोन प्रती एकदम करताना ही मोठी सोय आहे. पण दुसऱ्या दिवशी एकाच प्रतीवर काम करणाऱ्याने खटका पाहिला नाही, तर 1, 1, 2, 2 अशी वरात निघते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. मूठ अर्धवट दाबली गेली तर कधी नंबर पुसट उमटतो, कधी एक आकडा गळतो. तेही दिसतं.

दिसत नाही ती चूक वेगळीच. दोन कागद एकमेकांना चिकटले आणि एकदम उलटले गेले. वरच्यावर 187 पडला, त्यानंतरच्यावर 188. मधला कागद कोराच राहिला. आकडे ओळीने वाचणाऱ्याला काहीच खटकत नाही, कारण 187 नंतर 188 आलाच आहे! म्हणून जाणता कारकून आकडे वाचून थांबत नाही. शिक्के मारण्याआधी दुसऱ्या माणसाकडून पानं मोजून घेतो आणि मोज एका चिठ्ठीवर लिहून ठेवतो. शेवटचा नंबर आणि चिठ्ठीतली मोज जुळली नाही, की शोध सुरू.

आता आपल्या हिशेबातली गोम पाहा. चिठ्ठीत 412 आणि शेवटचा शिक्काही 412, दोन्ही जुळतं. तरी पानं कमी आहेत! 251 ते 254 वर घराचं नोंदणीकृत खरेदीखत आहे, जुन्या स्टॅम्प पेपरचे चार कागद. झेरॉक्सवाल्याने फक्त समोरच्या बाजू काढल्या. पण जुन्या खतांत दुय्यम निबंधकाचा शेरा, सह्या आणि अंगठे बरेचदा पाठीमागे असतात. नोंदणी कायद्याच्या कलम 60 नुसार ‘नोंदणी झाली’ हा दाखलाही तिथेच असू शकतो आणि त्यात निबंधकाच्या वहीचा क्रमांक व पान लिहिलेलं असतं. ती बाजूच नसेल तर समोरचे वकील उभे राहून सरळ विचारतील, की या खताची नोंदणी झाल्याचं या गठ्ठ्यात कुठे दिसतं? मूळ खत घरच्या कपाटात सुखरूप आहे, हे उत्तर त्या क्षणी फारसं उपयोगी पडत नाही. जे कागद मशीनपुढे आलेच नाहीत, त्यांची चुगली कुठलाच नंबर करत नाही. त्यासाठी मूळ कागद हातात घेऊन, उलटून, झेरॉक्सशी ताडून पाहावा लागतो आणि हे काम कारकुनापेक्षा घरातलं माणूस चांगलं करतं. खत त्याने आधी पाहिलेलं असतं.

समजा, तीन कागदांच्या पाठी लिहिलेल्या निघाल्या. त्या मधे घालून पुढचे सगळे नंबर सरकवायचे, तर जवळपास 160 पानं खोडावी लागतील, अनुक्रमणिका बदलावी लागेल आणि मसुद्यात जिथे जिथे ‘पान 300 पाहा’ लिहिलंय ती प्रत्येक ओळ सुधारावी लागेल, तीही प्रत्येक प्रतीत. त्यापेक्षा त्या पानांना 251-ए, 252-ए, 253-ए असे नंबर देतात आणि अनुक्रमणिकेत तसं स्पष्ट लिहितात. तीन पानांना हा उपाय चालतो. तीस पानं राहिली असतील तर मात्र रात्र जागून सगळं नव्याने करणंच बरं, नाहीतर गठ्ठ्यात कोण कुठे आहे ते कुणालाच कळत नाही. शिक्का अर्थातच झेरॉक्सवर. मूळ खताला मशीन लावायचं नाही.

कुटुंबाचं मूळ नागपूर-अमरावतीकडचं असेल तर आणखी एक भानगड असते. आजोबांचं मृत्युपत्र मराठीत. बिलासपूरला ते वाचलं जावं म्हणून सोबत भाषांतर जोडावं लागतं. ते मृत्युपत्राला लागूनच लावावं आणि दोन्हींचे नंबर सलग असावेत. पुष्कळदा भाषांतर उशिरा येतं आणि गठ्ठ्याच्या शेवटी डकवलं जातं. मग सुनावणीत पानं पुढे-मागे उलटण्यातच वेळ जातो. म्हणून सगळे कागद हाती येऊन त्यांचा क्रम ठरल्याशिवाय मशीन कपाटाबाहेर काढू नये.

आता गठ्ठा पीडीएफ होऊन संगणकावरही जातो. अॅक्रोबॅटमध्ये `Bates Numbering` नावाची सोयच आहे. पहिला आकडा द्या, कोपरा निवडा, 412 पानांवर क्षणात नंबर. संगणकाचे कागद चिकटत नाहीत, पण स्कॅनरचे चिकटतात, तेव्हा मोजदादीतून सुटका नाहीच. शिवाय एक नवा घोळ आहे. अनुक्रमणिकेची तीन पानं कोरी सोडून मसुद्यावर 1 हा नंबर दिला, तर छापील 134 हे पडद्यावरचं 137 वं पान होतं. न्यायमूर्ती खिडकीत 134 टाइप करतात आणि पडद्यावर येतं छापील 131. सोपा तोडगा म्हणजे फाइलच्या अगदी पहिल्या पानालाच 1 द्यायचा, मग ती अनुक्रमणिका का असेना.

सुप्रीम कोर्टाने 1 एप्रिल 2020 पासून ए-फोर कागदावर दोन्ही बाजूंनी छपाई सुरू केली, त्यामुळे तिथे कागदाच्या पाठीलाही नंबर लागतो. एखादी पाठ कोरी राहिली तर तिला नंबर द्यायचा की सोडायची, हे पहिला शिक्का मारण्याआधी ठरवून सगळ्या प्रतींत तसंच ठेवावं. एका प्रतीत कोरी पाठ मोजली आणि दुसरीत सोडली, तर त्या पानापासून पुढे न्यायमूर्तींचं 252 आणि वकिलांचं 252 हे दोन वेगळे कागद असतात.